कर्जासाठी बँक स्टेटमेंट: मूळ फाइल उतरवावी कशी, उघडावी कशी आणि जशीच्या तशी पोचवावी कशी

माझा भाचा नाशिकला एका खासगी शाळेत शिक्षक आहे. घरकर्जाच्या अर्जासोबत त्याला मागील सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट द्यायचे होते. दर महिन्याला ई-मेलवर येणाऱ्या सहा पीडीएफ फाइली त्याच्याकडे होत्या आणि प्रत्येकीला पासवर्ड होता. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाला प्रत्येक वेळी पासवर्ड टाकण्याचा त्रास नको, म्हणून त्याने प्रत्येक फाइल ब्राउझरमध्ये उघडली, प्रिंटचा आदेश देऊन ती पुन्हा पीडीएफ म्हणून जतन केली आणि सहाही फाइली जोडून एक सुबक फाइल पाठवून दिली. चौथ्या दिवशी कंपनीकडून निरोप आला की स्टेटमेंटमध्ये फेरफार झाल्याचे आढळल्यामुळे अर्ज थांबवला आहे. त्याने एकही आकडा बदललेला नव्हता. तरीही कंपनीच्या दृष्टीने फेरफार झालेला होता, कारण बँकेने तयार केलेली फाइल त्याने पाठवलीच नव्हती. त्याने पाठवली होती ती त्याच्याच संगणकाने तयार केलेली नवी फाइल.

पहिल्यांदाच कर्जासाठी अर्ज करणाऱ्यांच्या हातून ही चूक फार होते, आणि ती बहुधा चांगल्या हेतूने होते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीभोवती लिहिली आहे: बँकेकडून आलेली फाइल न बदलता कर्जदात्यापर्यंत पोचली पाहिजे.

फाइल कुठून आणि किती काळाची घ्यावी

स्टेटमेंट मिळवण्याचे नेहमीचे मार्ग तीन आहेत: नेटबँकिंग, बँकेचे मोबाइल ॲप आणि नोंदवलेल्या ई-मेलवर दरमहा येणारे ई-स्टेटमेंट. कर्जासाठी मला नेटबँकिंगचा मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तिथे हवी ती तारीख टाकून सलग काळाची एकच फाइल घेता येते आणि मग फाइली जोडण्याचा मोहच होत नाही. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. शोधयंत्रात जो पहिला दुवा दिसेल त्यावर जाऊ नये. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे `.bank.in` या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, त्यामुळे पत्त्याच्या नावाचा शेवट असा आहे की नाही हे पाहणे ही आता सोपी आणि उपयोगी खूण झाली आहे.

लॉगिन केल्यावर खात्यांच्या विभागात `Account Statement` अशा नावाचा पर्याय असतो. तिथे खाते निवडावे, तारखेनुसार हा पर्याय घ्यावा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरावी आणि फाइलचा प्रकार पीडीएफ निवडावा. एक्सेल किंवा सीएसव्ही हे प्रकार आपल्या हिशेबासाठी ठीक आहेत, पण त्यांतला आकडा कोणीही क्षणात बदलू शकतो, म्हणून कर्जदाते ते पुरावा म्हणून धरत नाहीत. ॲपच्या पडद्याचे स्क्रीनशॉट, मिनी स्टेटमेंट आणि पासबुकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो यांचीही तीच गत होते.

काळाबाबत कर्जदात्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. पगारदाराकडे सहसा सहा महिन्यांचे आणि व्यावसायिकाकडे बारा महिन्यांचे स्टेटमेंट मागतात, आणि ते अर्जाच्या दिवसापर्यंतचे हवे असते. दहा जुलैला अर्ज करणाऱ्याने तीस जूनपर्यंतचेच स्टेटमेंट दिले, तर मधले दहा दिवस पुन्हा मागितले जातात. काही बँका एका वेळी ठरावीक काळापुरतेच स्टेटमेंट देतात. अशा वेळी दोन फाइली घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही, मात्र दोन्हींच्या तारखा एकमेकींना भिडलेल्या असाव्यात. पहिली फाइल 31 मार्चला संपत असेल तर दुसरी 1 एप्रिललाच सुरू झाली पाहिजे, आणि पहिलीतील शेवटची शिल्लक दुसरीतील आरंभीच्या शिलकीशी पैशापर्यंत जुळली पाहिजे.

फाइल उतरली की ती उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. खातेदाराचे पूर्ण नाव आणि खाते क्रमांक दिसतो का, शाखा आणि आयएफएससी कोड छापला आहे का, आणि प्रत्येक व्यवहारापुढे त्या क्षणाची शिल्लक दिली आहे का. खाते क्रमांकाचे मधले अंक फुल्यांनी झाकलेले असतील, तर ते चालेल का हे कर्जदात्याला आधीच विचारावे.

पासवर्डची फाइल उघडताना

ई-मेलवर येणारी फाइल जवळपास नेहमीच पासवर्डने बंद असते; नेटबँकिंगवरून घेतलेली कधी बंद असते, कधी नसते. पासवर्ड कसा बनतो हे त्याच ई-मेलच्या मजकुरात किंवा डाउनलोडच्या पानावर लिहिलेले असते, म्हणून अंदाज बांधत बसण्यापूर्वी तो मजकूर शेवटपर्यंत वाचावा. पद्धत बँकेगणिक वेगळी असते. स्टेट बँकेच्या ई-स्टेटमेंटसाठी नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे पाच अंक आणि त्यांना लागून दिवस, महिना, वर्ष या क्रमाने सहा अंकी जन्मतारीख, अशी रचना प्रचलित आहे. म्हणजे क्रमांकाचा शेवट 43210 असेल आणि जन्मतारीख 7 मार्च 1989 असेल, तर पासवर्ड `43210070389` असा होतो. मध्ये जागा नाही, रेघ नाही, आणि सातच्या आधीचे शून्य गाळायचे नाही. एचडीएफसी बँकेच्या ई-स्टेटमेंटला ग्राहक क्रमांक, म्हणजे कस्टमर आयडी, हाच पासवर्ड असतो. आयसीआयसीआय बँकेत नावाची पहिली चार अक्षरे लहान लिपीत आणि त्यापुढे जन्माचा दिवस व महिना, अशी रीत आहे. बँका ही रीत बदलू शकतात, त्यामुळे ताज्या ई-मेलमध्ये जे लिहिले असेल तेच शेवटचे मानावे.

रचना बरोबर असूनही फाइल उघडत नाही, असे होते तेव्हा कारण बहुतेक वेळा जन्मतारखेत सापडते. पासवर्ड बनतो तो बँकेच्या नोंदीतील तारखेवरून, खऱ्या वाढदिवसावरून नव्हे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही तारीख लिहून दिली अशी माणसे गावोगावी आहेत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत गेली. आईवडिलांची फाइल उघडून देताना घरात साजरा होणारा वाढदिवस टाकून पाहू नये, तर बँकेत दिलेल्या आधार किंवा पॅन कार्डावरची तारीख पाहावी. मोबाइलचेही तसेच आहे: हातात असलेला क्रमांक आणि बँकेत नोंदवलेला क्रमांक वेगळा असू शकतो. संयुक्त खात्यात सहसा पहिल्या खातेदाराची माहिती धरली जाते.

दुसरे कारण आपल्या कळफलकात असते आणि ते पटकन लक्षात येत नाही. मोबाइलवर मराठी कळफलक चालू असेल तर ० ७ ० ३ असे देवनागरी अंक उमटतात. पासवर्डच्या ठिपक्यांमागे ते दिसत नाहीत आणि फाइल उघडत नाही. शिवाय पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत जाणे आणि पासवर्ड कुठून तरी चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा येणे, हेही घडते. म्हणून कळफलक इंग्रजीवर आणावा, डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून टाइप केलेले नजरेखालून घालावे आणि पासवर्ड हातानेच टाकावा. नावावर आधारलेल्या पासवर्डात बँकेच्या नोंदीतील स्पेलिंग लागते. खाते उघडताना आडनाव आधी लिहिले गेले असेल तर पहिली चार अक्षरे आडनावाची होतात.

येथे कळकळीने सांगतो की, पासवर्ड जुळत नाही म्हणून इंटरनेटवरच्या फुकट कुलूप काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर स्टेटमेंट चढवू नये. त्या फाइलमध्ये तुमचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, पगार आणि सहा महिन्यांचा सगळा खर्च असतो, आणि ती कोणाच्या संगणकावर जाऊन पडते हे तुम्हाला कधीच कळत नाही. त्यापेक्षा नेटबँकिंगवरून नवी फाइल घेणे पाच मिनिटांचे काम आहे.

कर्जदाता खरेपणा कसा तपासतो

ही बाजू समजली की भाच्याचे काय चुकले ते आपोआप कळते. आज बहुतेक ठिकाणी स्टेटमेंट आधी संगणकप्रणाली वाचते, माणूस नंतर पाहतो. प्रणाली सर्वप्रथम फाइलचा जन्म तपासते. प्रत्येक पीडीएफच्या पोटात ती कोणत्या सॉफ्टवेअरने तयार झाली, केव्हा झाली आणि नंतर केव्हा बदलली याची नोंद असू शकते. ही नोंद तुम्हालाही पाहता येते: संगणकावरील अडोबी रीडरमध्ये फाइल उघडून `Ctrl+D` दाबले की `PDF Producer`, `Created` आणि `Modified` अशा ओळी दिसतात.

भाच्याकडे मूळ आणि नवी अशा दोन्ही फाइली होत्या, म्हणून आम्ही त्या शेजारी शेजारी उघडून पाहिल्या. मूळ फाइलमध्ये बँकेच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अहवाल-सॉफ्टवेअरचे नाव होते आणि तयार होण्याची वेळ पहाटेची होती. नव्या फाइलमध्ये `Skia/PDF` असे नाव होते, जे क्रोम ब्राउझरमधून पीडीएफ जतन केली की उमटते. विंडोजच्या प्रिंटमधून केली असती तर तिथे `Microsoft: Print To PDF` असे आले असते. कोणतीही बँक ग्राहकांची स्टेटमेंटे घरगुती ब्राउझरमधून छापत नाही. प्रणालीला एवढी एक ओळ पुरेशी होती. खोटे स्टेटमेंट बनवणारा माणूसही आकडे बदलल्यावर शेवटी असाच प्रिंटचा मार्ग धरतो, त्यामुळे प्रामाणिक अर्जदार आणि लबाड अर्जदार यांच्या फाइली बाहेरून सारख्याच दिसतात. कंपनीवर मी त्या वेळी रागावलो होतो, पण विचार केल्यावर तिचे म्हणणे मला पटले.

दुसरी तपासणी साध्या बेरीज-वजाबाकीची आहे. आधीची शिल्लक 42,310.50 रुपये असेल आणि 18,450 रुपयांचा हप्ता गेला असेल, तर पुढच्या ओळीत 23,860.50 रुपयेच हवेत. प्रणाली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ही साखळी चालवून पाहते. पगाराचा एक आकडा जरी वाढवला तरी त्याखालची प्रत्येक शिल्लक बदलावी लागते, आणि एखादी राहून गेली की साखळी तिथे तुटते. प्रामाणिक माणसाची साखळी तुटते ती एखादे पान गळाल्यामुळे किंवा दोन फाइलींच्या तारखांत खंड पडल्यामुळे. म्हणून ज्या पानावर फक्त जाहिरात किंवा नियम आहेत असे वाटते तेही काढू नये. पानांवर सहापैकी तिसरे अशा अर्थाचा क्रमांक असेल तर सहाही पाने गेली पाहिजेत.

डिजिटल सही आणि ते पिवळे प्रश्नचिन्ह

काही बँका स्टेटमेंटवर डिजिटल सही करतात. अशी फाइल अडोबी रीडरमध्ये उघडल्यावर सहीच्या जागी पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Signature Not Verified` किंवा `Validity Unknown` असे शब्द दिसतात, आणि नवखा माणूस फाइल खोटी आहे असे समजून घाबरतो. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की सही करणाऱ्याला तुमचा संगणक अजून ओळखत नाही. सहीच्या तपासणीत दोन वेगळे प्रश्न असतात: सही झाल्यावर फाइल बदलली का, आणि सही कोणाची आहे. पिवळे चिन्ह दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

ओळख पटवण्यासाठी सहीवर क्लिक करून `Signature Properties` उघडावे आणि `Show Signer's Certificate` दाबावे. डाव्या बाजूला प्रमाणपत्रांची साखळी दिसते: खाली बँकेचे नाव, मध्ये प्रमाणपत्र देणारी संस्था आणि सर्वांत वर `CCA India` या शब्दांनी सुरू होणारे मूळ प्रमाणपत्र. हे मूळ प्रमाणपत्र माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये नेमलेल्या प्रमाणन नियंत्रकाचे असते आणि भारतातील मान्यताप्राप्त डिजिटल सह्या त्याच्यापर्यंत पोचतात. ते सर्वांत वरचे नाव निवडून `Trust` या भागात `Add to Trusted Certificates` दाबावे, होकार द्यावा आणि मागे येऊन `Validate Signature` करावे. इंटरनेट चालू असावे. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. साखळीच्या टोकाला `CCA India` नसेल, तर मात्र विश्वास ठेवण्याचे बटण दाबू नये, कारण बँकेच्या नावाचे प्रमाणपत्र घरबसल्या कोणीही बनवू शकतो. मान्यतेची साखळी बनवू शकत नाही.

लाल फुली दिसली आणि सही झाल्यानंतर दस्तऐवज बदलला आहे असा संदेश आला, तर ती फाइल बाजूला ठेवून बँकेकडून नवी घ्यावी. पासवर्ड काढणे, पाने जोडणे, आकार लहान करणे यांपैकी काहीही केले तरी सही मोडते किंवा गळून पडते. आणि हिरवी खूण तुमच्या संगणकावर आली म्हणून फाइलमध्ये काही भर पडत नाही. कर्जदाता ती आपल्या संगणकावर स्वतंत्रपणे तपासतो. याच कारणाने छापील कागदावरील सहीच्या चिन्हाला अर्थ राहत नाही, मग ते हिरवे असो वा पिवळे. क्रोम ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडते, पण सहीची तपासणी होत नाही, हेही ध्यानात असावे.

फाइलवर डिजिटल सहीच नसेल तर ती खोटी ठरत नाही. संगणकाने तयार केलेले असल्यामुळे सहीची गरज नाही, असे अनेक स्टेटमेंटांच्या तळाशी लिहिलेले असते, आणि तिथे फाइलचा जन्म आणि शिलकीची साखळी यांवरच तपासणी होते.

पाठवताना

मूळ फाइलचे नाव बदलण्यास हरकत नाही, आतले काही बदलू नये. कर्जदात्याच्या संकेतस्थळावर फाइल चढवण्याच्या जागी बहुधा पासवर्डसाठी वेगळी चौकट असते. ती पासवर्ड कळवण्यासाठीच असते. चौकट नसेल आणि फाइल ई-मेलने द्यायची असेल, तर पासवर्ड वेगळ्या संदेशाने कळवावा. व्हॉट्सॲपवर पाठवावीच लागली तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, पानांचे फोटो म्हणून नव्हे. फाइलचा पासवर्ड देणे आणि नेटबँकिंगचा पासवर्ड देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्याने एक कागद उघडतो, दुसऱ्याने खाते. एजंटाने नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर कर्ज तिथेच सोडून द्यावे.

फाइल हाताळण्याची वेळच येऊ नये असे वाटत असेल, तर अकाउंट ॲग्रिगेटरचा मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या या संस्था बँकेकडील माहिती तुमच्या संमतीने थेट कर्जदात्याकडे नेतात. माहिती कुलूपबंद रूपात जात असल्याने मधल्या संस्थेला ती वाचता येत नाही. ही व्यवस्था सप्टेंबर 2021 पासून चालू आहे. मोबाइल क्रमांक टाकून, ओटीपीने खाते जोडून संमती दिली की काम होते, आणि यात पीडीएफ नसल्यामुळे फेरफाराची शंकाच उरत नाही. संमतीच्या पानावर मात्र थांबून चार गोष्टी वाचाव्यात: माहिती कोणत्या कामासाठी, कोणत्या काळाची, किती वेळा आणि कधीपर्यंत घेतली जाणार आहे. एका घरकर्जाच्या अर्जासाठी एकदाच माहिती घेणे पुरते. दर महिन्याला माहिती घेण्याची संमती मागितली असेल, तर कारण विचारावे. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.

आपल्याकडच्या पतसंस्थांच्या बाबतीत यातले बरेचसे लागू पडत नाही. पतसंस्था या बँका नाहीत, आणि ॲग्रिगेटरच्या व्यवस्थेत तिथले खाते सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे आणि पीडीएफ न देणाऱ्या लहान सहकारी बँकेत, शाखेत लेखी अर्ज देऊन छापील खाते उतारा घ्यावा. त्याच्या प्रत्येक पानावर गोल शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तारीख असावी, आणि शेवटच्या पानावर अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा वाचता येईल असा असावा. कर्जदाता शाखेत दूरध्वनी करून खात्री करू शकतो, म्हणून शाखेचा दूरध्वनी क्रमांकही उताऱ्यावर लिहून घ्यावा.

भाच्याने पुढे काय केले ते सांगतो. त्याने नेटबँकिंगवरून सहा महिन्यांची एकच फाइल नव्याने घेतली आणि तिला हात न लावता पासवर्डसह संकेतस्थळावर चढवली. सोबत ई-मेलवर आलेल्या सहा मूळ फाइलीही दिल्या आणि आधीची फाइल आपण प्रिंटमधून का व कशी केली होती, हे चार ओळींत लिहून दिले. फरक पडला तो त्या सात फाइलींतील व्यवहार आणि शिलकी एकमेकांशी ओळीनओळ जुळल्यामुळे. कंपनीने शंका मागे घेतली आणि अर्ज पुन्हा चालू केला.